तेवीस माणसं, दोनशे त्रेपन्न जोड्या

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: "२३ माणसांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्के असते म्हणे! साफ थाप. वर्षाचे दिवस ३६५. २३ भागिले ३६५ करा, जेमतेम ६ टक्के येतात. ५० टक्के व्हायला १८३ माणसं पाहिजेत. माझ्या वर्गात ४० मुलं होती, माझ्या वाढदिवसाला दुसरं कुणी नव्हतं. शिवाय सगळ्या तारखांना सारखी मुलं जन्मत नाहीत, म्हणजे या गणिताचा पायाच कच्चा."

गेल्या आठवड्यात हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला, त्यातला एक दहावीच्या पालकांचा होता. दहावीच्या गणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे आणि मी कोल्हापुरात हाच विषय शिकवतो, म्हणून सविस्तर उत्तर लिहितो आहे.

भागाकारापासून सुरुवात करू. त्यातून आलेला आकडा एका प्रश्नाचं जवळजवळ बरोबर उत्तर आहे, फक्त तो प्रश्न वेगळा आहे. शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना चालू आहे असं समजा. मैदानात दोन्ही संघांचे मिळून २२ खेळाडू आणि एक पंच, एकूण २३ जण. पंचांच्या तारखेशी एखाद्या खेळाडूची तारीख जुळेल का, असं विचारलं तर तुलना होतात २२. एक खेळाडू पंचांची तारीख चुकवण्याची संभाव्यता ३६४/३६५. बावीसच्या बावीस जणांनी ती चुकवण्याची संभाव्यता म्हणजे हाच अपूर्णांक २२ वेळा गुणायचा. उत्तर येतं ९४.१ टक्के. म्हणजे जुळण्याची शक्यता ५.९ टक्के. सहा टक्के आले ते इथून.

पण मूळ विधानात पंचांच्या तारखेला काही खास मान नाही. एका संघाच्या गोलरक्षकाची तारीख समोरच्या आघाडीच्या खेळाडूशी जुळली तरी चालतं, एकाच संघातल्या दोन बचावपटूंची जुळली तरी चालतं. मैदानातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर किती हस्तांदोलनं होतील, तेवढ्या तुलना. पहिला बावीस जणांशी हात मिळवेल, दुसरा उरलेल्या एकवीस जणांशी, तिसरा वीस जणांशी. २२ + २१ + २० असं करत १ पर्यंत बेरीज केली की २५३ येते. मजकूर लिहिणाऱ्याने २२ तुलना धरल्या, उरलेल्या २३१ हिशेबात आल्याच नाहीत.

इथे काही हुशार मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात: २५३ भागिले ३६५, म्हणजे ६९ टक्के! तेही चूक आहे. एकाच वेळी दोन जोड्या जुळल्या तर हा भागाकार तो प्रसंग दोनदा मोजतो, आणि तिघांची तारीख एक आली तर तीनदा मोजतो. नेमकं किती वेळा जास्त मोजलं गेलं हे शोधून वजा करत बसणं फार किचकट आहे. म्हणूनच पूरक घटनेकडून जायचं. "निदान एक जोडी जुळते" याची पूरक घटना "एकही जोडी जुळत नाही" ही आहे. दोन्हींच्या संभाव्यतांची बेरीज १. दुसरी काढली की पहिली वजाबाकीने मिळते.

हे छोट्या उदाहरणावर पाहण्यासारखं आहे, कारण तिथे दोन्ही वाटांनी जाऊन पडताळा घेता येतो. रंकाळ्यावर चार मित्र बसलेत. तारीख सोडा, वार घ्या. सातही वार सारखेच संभवनीय धरले, तर चौघांपैकी निदान दोघांचा जन्मवार एकच असण्याची शक्यता किती? चौघांच्या वारांच्या एकूण शक्यता ७ × ७ × ७ × ७, म्हणजे २४०१. सरळ वाटेने गेलात तर वेगवेगळ्या चार परिस्थिती हाताळाव्या लागतात. फक्त दोघांचा वार जुळतो आणि बाकी दोघांचे वेगळे, असे प्रकार १२६०. दोघांचा एक आणि उरलेल्या दोघांचा दुसरा एक, असे १२६. तिघांचा एकच, असे १६८. चौघांचाही एकच, असे ७. बेरीज १५६१. आता पूरक वाट: पहिल्याला कुठलाही वार चालेल, दुसऱ्याला सहा उरले, तिसऱ्याला पाच, चौथ्याला चार. ७ × ६ × ५ × ४ = ८४०. २४०१ मधून ८४० वजा केले की तेच १५६१. म्हणजे ६५ टक्के. चार जणांतच चार परिस्थिती झाल्या. तेवीस जणांत जोड्या, तिकड्या आणि त्यांच्या मिश्रणांची यादी इतकी लांबते की हाताने सुटणं अवघड, पण "कुणाचंच जुळत नाही" ही परिस्थिती मात्र तेव्हाही एकच असते. माझ्या मते या प्रश्नाचं खरं सौंदर्य उत्तरातल्या ५० टक्क्यांपेक्षा इथे आहे.

आता तारखांकडे या. २३ जण एकेक करून मैदानात येत आहेत आणि आपण म्हणतो आहोत की अजून कुणाची तारीख जुळली नाही. पहिल्यावर काहीच बंधन नाही. दुसऱ्याला एक तारीख टाळायची आहे, म्हणून ३६४/३६५. तिसऱ्याला दोन, म्हणून ३६३/३६५. असं जाता जाता तेविसाव्याला बावीस तारखा टाळायच्या असतात, त्याचा गुणक ३४३/३६५. यांतला कुठलाही गुणक एकटा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. शेवटचासुद्धा ९४ टक्के आहे. पण हे सगळे एकमेकांना गुणले जातात. दहा जण आले की "कुणाचंच जुळलं नाही" ही शक्यता ८८ टक्के उरते, पंधरा जणांना ७५, विसांना ५९, बाविसांना ५२.४, आणि तेविसावा आत आला की ४९.३. शंभरातून वजा करा: जुळण्याची शक्यता ५०.७ टक्के.

वेग कशामुळे वाढतो ते या साखळीतच दिसतं. पंचांच्या प्रश्नात प्रत्येक नवा माणूस एकच तुलना घेऊन येतो. इथे विसावा माणूस एकोणीस तुलना घेऊन येतो आणि एकविसावा वीस. गुणाकार तर चालूच आहे, पण ज्याने गुणतोय तो अपूर्णांकही दर वेळी लहान होतो. माणसं दुप्पट झाली की जोड्या साधारण चौपट होतात: दहा जणांत ४५, वीस जणांत १९०, चाळीस जणांत ७८०. म्हणून दहा जणांना जी शक्यता १२ टक्के होती ती विसांना ४१ आणि चाळिसांना ८९ टक्के होते.

१८३ हा आकडा त्रैराशिकातून आला आहे: ३६५ ला शंभर, तर निम्म्याला पन्नास. पण ही वाढ त्रैराशिकाने चालत नाही. १८३ जणांत कुणाचंच न जुळण्याची संभाव्यता दशांशात लिहिली तर दशांशचिन्हानंतर चोवीस शून्यं येतात, मग पहिला आकडा. जुळणारच असं शंभर टक्के म्हणायला मात्र ३६६ माणसं लागतात (२९ फेब्रुवारी धरला तर ३६७), आणि गोंधळ बहुधा या टोकावरून सुरू होतो. गंमत अशी की पंचांच्या प्रश्नालासुद्धा १८३ हे उत्तर नाही. १८३ जणांत पंचांची तारीख निदान एकाशी जुळण्याची शक्यता ३९.५ टक्केच आहे, कारण त्या १८३ जणांच्या तारखाही आपसांत जुळतात आणि तेवढे दिवस वाया जातात. पन्नास टक्क्यांसाठी पंचांशिवाय २५३ माणसं लागतात. तोच आकडा! एका प्रश्नात २५३ तुलना व्हायला २५३ माणसं जमवावी लागतात, दुसऱ्यात तेवीस माणसं आपसांतच २५३ तुलना करतात. ३६४/३६५ हा अपूर्णांक २५३ वेळा गुणला की ४९.९५ टक्के येतो. आपलं अचूक उत्तर ४९.३ होतं. जोड्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, हा किरकोळ फरक त्यामुळे पडतो.

फुटबॉलवरच आहोत तर एक खरा पडताळा. २०१४ च्या विश्वचषकात ३२ संघ होते आणि प्रत्येक संघात बरोबर २३ खेळाडू. त्यांपैकी १६ संघांत निदान दोन खेळाडूंचा वाढदिवस एकाच तारखेला होता. इतकं तंतोतंत निम्मं येणं हा योगायोग, चौदा किंवा अठरा आले असते तरी गणित तेच राहिलं असतं. सहा टक्के खरे असते तर ३२ मध्ये दोनच संघ सापडायला हवे होते.

चाळीस मुलांच्या वर्गाचा अनुभव खराच असणार, त्यावर मला शंका नाही. आपल्या तारखेला उरलेल्या ३९ पैकी कुणीच नसण्याची शक्यता जवळजवळ ९० टक्के आहे. त्याच वर्गात इतर कुणातरी दोघांची तारीख जुळण्याची शक्यता ८८ टक्के. दोन्ही गोष्टी एकाच वर्गात बिनविरोध नांदतात. आपण आयुष्यभर फक्त स्वतःच्या तारखेवर लक्ष ठेवतो, ७८० जोड्यांपैकी आपल्या वाट्याच्या ३९ पाहतो, आणि उरलेल्या ७४१ आपल्याला दिसतच नाहीत. वर्गाचा पट काढून तारखा महिन्यानुसार लावा, मग दिसतील. एकाच वर्गावर निकाल देऊ नका, दहा वर्ग तपासा. चाळीसच्या दहा वर्गांत साधारण नऊ ठिकाणी जोडी सापडेल. वर्गात जुळी भावंडं असतील तर ती जोडी धरू नका, त्यांच्या तारखा स्वतंत्र नसतात.

राहिला असमान तारखांचा आक्षेप. तो विचार करून घेतलेला आहे, पण त्याची दिशा उलटी आहे. वर्षात दोनच दिवस आहेत असं क्षणभर धरा. दोन्ही सारखे असतील तर दोघांची तारीख जुळण्याची शक्यता ५० टक्के. आता ७० टक्के लोक पहिल्या दिवशी आणि ३० टक्के दुसऱ्या दिवशी जन्मतात असं धरा. दोघंही पहिल्या दिवसाचे असण्याची शक्यता ४९ टक्के, दुसऱ्या दिवसाचे असण्याची ९ टक्के. एकूण ५८. गर्दी एका ठिकाणी झाली की धडक वाढते. ३६५ दिवसांतही हेच होतं, म्हणून सगळ्या तारखा सारख्या धरून आलेले ५०.७ टक्के ही सर्वांत कमी शक्यता आहे.

आपल्याकडे तर याचं ठसठशीत उदाहरण घरोघरी आहे. जुन्या पिढीतल्या कित्येकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण जन्माची नोंद नसलेल्या मुलाचं नाव शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख टाकत. समजा एखाद्या जुन्या यादीत विसात एकाची तारीख १ जून आहे आणि बाकीचे उरलेल्या ३६४ दिवसांवर सारखे पसरलेत. यादीतले २३ जण घ्या. जोडी न जुळण्याचे आता दोनच मार्ग: १ जूनचा कुणीच नाही आणि तेवीसही तारखा वेगळ्या, याची संभाव्यता १५.१ टक्के, किंवा १ जूनचा एकच आणि उरलेल्या बावीस तारखा वेगळ्या, याची १९.५. बेरीज ३४.६. शंभरातून वजा केले की जुळण्याची शक्यता ६५.४ टक्के.