चार ट्रान्झिस्टरच्या मक्सचा खरा हिशेब

“ट्रान्समिशन गेटने २:१ मक्स ४ ट्रान्झिस्टरमध्ये होतो आणि एक्सॉर ६ मध्ये. नँड गेटने त्यालाच १४ आणि १६ लागतात. जागा कमी, वेग जास्त, पॉवर कमी. नेहमीचे गेट आता फक्त ओरलपुरते.”
– पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर प्लेसमेंटच्या तोंडावर फिरणारा मेसेज

आधी आकडे. एक्सॉरचा ६ बरोबर आहे, कारण त्यात A उलटा करणारा इन्व्हर्टर धरलेला आहे. मक्सच्या ४ मध्ये मात्र सिलेक्टचा इन्व्हर्टर धरलेला नाही. प्रत्येक ट्रान्समिशन गेटला S आणि त्याचा उलटा असे दोन्ही सिग्नल लागतात, म्हणजे खरे ६. समोरची बाजूही फुगवलेली आहे. एक्सॉर नँड जोडून कोणी बनवत नाही. एकाच कॉम्प्लिमेंटरी गेटमध्ये तो दोन इन्व्हर्टर धरून १२ मध्ये बसतो. मक्स दोन ट्रायस्टेट इन्व्हर्टरने केला, तर सिलेक्टच्या इन्व्हर्टरसकट १० मध्ये होतो, फक्त आउटपुट उलटं मिळतं.

फरक तरीही उरतो, पण तो कशाच्या बदल्यात हे मेसेजमध्ये नाही. ट्रान्समिशन गेटला स्वतःचा दम नसतो. एनमॉस आणि पीमॉस जोडीने असल्यामुळे ० आणि १ दोन्ही पूर्ण पोहोचतात, हे खरं. पण आउटपुटला सप्लायशी थेट जोडणारा रस्ता त्यात नाही. करंट इनपुटच्या मागे जो ड्रायव्हर असेल त्याच्याकडूनच येतो, आणि इनपुटला सिग्नल मळलेला असेल तर आउटपुटलाही तसाच मळलेला मिळतो.

वेगाचा दावा इथेच अडखळतो. असे आठ मक्स एकापुढे एक लावा, मागच्याचं आउटपुट पुढच्याच्या D0 मध्ये. चालू गेटचा रेझिस्टन्स १० किलोओहम आणि प्रत्येक जोडावरचा कपॅसिटन्स २ फेम्टोफॅरड धरू (आकडे समजण्यापुरते), म्हणजे RC २० पिकोसेकंद. शेवटच्या जोडाचा कपॅसिटर भरायला करंट आठही रेझिस्टन्समधून जावा लागतो, त्याच्या आधीच्याला सातांमधून, आणि असंच मागे. बेरीज ३६ RC, म्हणजे ७२० पिकोसेकंद. मधोमध, चारांनंतर एक बफर घातला तर प्रत्येक अर्ध्याला १० RC, दोन्ही मिळून ४०० पिकोसेकंद, आणि वर बफरचा स्वतःचा वेळ. तो ६० धरला तरी ४६० मध्ये काम होतं. म्हणजे ट्रान्झिस्टर वाढवून वेग मिळाला! एकट्या मक्सच्या वेगावरून साखळीचा अंदाज बांधता येत नाही.

आता तोच बफर प्रत्येक मक्सच्या आत आणा, कारण स्टँडर्ड सेल बनवताना सहसा हेच करावं लागतं. इनपुट उघडं ट्रान्समिशन गेटवर असेल, तर त्याचा लोड S कुठे आहे आणि आउटपुटला पुढे काय जोडलंय त्यावर बदलतो. मग टायमिंगच्या फाइलीत इनपुट कपॅसिटन्स म्हणून कोणता आकडा लिहायचा? म्हणून दोन्ही इनपुटांवर इन्व्हर्टर. २ + २ त्यांचे, ४ गेटांचे, २ सिलेक्टचे: झाले १०. ट्रायस्टेटवाल्याइतकेच, आणि आउटपुटही तसंच उलटं. दोन्ही सर्किटं शेजारी काढून बघा. इन्व्हर्टरच्या आउटपुटची मधली तार जोडलेली आहे की नाही, एवढाच फरक उरतो. ती तार असली तर ओढायला दोन समांतर वाटा मिळतात, थोडा वेग येतो. नसली तर लेआउट आटोपशीर होतो.

पॉवरबद्दल थोडं बारकाईने पाहावं लागतं. D0 वर १, D1 वर ०, आणि S ० वरून १ होतोय. उलटा S एका इन्व्हर्टरइतका उशिरा बदलतो, त्यामुळे क्षणभर दोन्ही तारांवर १ असतो आणि दोन्ही गेटांचे एनमॉस चालू राहतात. D0 चा ड्रायव्हर मग D1 च्या ड्रायव्हरमध्ये करंट ओततो. उघड्या इनपुटच्या सेलमध्ये हा करंट मक्सच्या VDD मधून जातच नाही. तो इनपुटच्या सोर्समधून जातो. VDD चा करंट मोजून ‘पॉवर कमी’ लिहिणाऱ्याला म्हणूनच तो दिसत नाही.

मेसेजबरोबर फिरणाऱ्या वेव्हफॉर्ममध्येही तीच गोम आहे. इनपुटला थेट व्होल्टेज सोर्स जोडला की ड्रायव्हरचा रेझिस्टन्स शून्य होतो आणि ट्रान्समिशन गेटची सगळी उधारी माफ होते. ngspice मध्ये दोन्ही सर्किटांच्या प्रत्येक इनपुटमागे एकाच मापाचा इन्व्हर्टर लावा, आउटपुटला चार इन्व्हर्टरचा लोड द्या, त्या इनपुट इन्व्हर्टरांचा सप्लाय करंटही बेरजेत धरा आणि वेळ त्यांच्या इनपुटपासून मोजा.

एवढं करूनही ट्रान्समिशन गेट जिंकतो अशा जागा आहेत. लॅच आणि फ्लिपफ्लॉपच्या आत, किंवा फुल ॲडरमध्ये, जिथे ड्रायव्हर शेजारीच असतो, तार आखूड असते आणि पुढे लगेच इन्व्हर्टर येतो. तिथे ६ ट्रान्झिस्टरचा एक्सॉर बिनधास्त वापरावा. पण सेलच्या बाहेर, लांब तारेवर त्याचं उघडं B इनपुट सोडू नये.