आयजीई, बुरशी आणि स्टिरॉइड : दम्याच्या त्या फॉरवर्डचा प्रतिवाद

"दमा कंट्रोल होत नसेल तर रक्तातलं आयजीई चेक करा. आयजीई वाढलेलं म्हणजे फुफ्फुसात बुरशी झालीय. अशा वेळी स्टिरॉइड घेणं म्हणजे बुरशीला खतपाणी, म्हणून स्टिरॉइड आणि पंप लगेच बंद करा. फक्त अँटिफंगल गोळ्या घ्या आणि आयजीई नॉर्मल येईपर्यंत सोडू नका."

आयजीई म्हणजे ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड. मेसेजचं पहिलं वाक्य चक्क बरोबर आहे, आणि घोळ तिथेच होतो, कारण एक गोष्ट खरी निघाली की माणूस पुढचंही डोळे झाकून मानतो. मी छातीच्या ओपीडीत बसतो, हा मेसेज मोबाईलवर उघडून समोर धरणारे पेशंट येतात आणि त्यातले काही गोळ्या आधीच बंद करून आलेले असतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी आजार कुठला ते. ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी ॲस्परजिलोसिस, थोडक्यात एबीपीए. १९५२ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं, म्हणजे नवीन काही नाही. ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ओल आलेल्या भिंतीवर, कंपोस्टच्या ढिगात, साठवलेल्या धान्यात, आणि ते इतके बारीक असतात की श्वासाबरोबर थेट आत जातात. तुमच्या-माझ्या छातीतून ते साफ होतात. काही दमेकऱ्यांमध्ये मात्र ते चिकट कफात अडकून रुजतात आणि शरीर त्यांच्यावर जबरदस्त ॲलर्जीने तुटून पडतं. बुरशी कफातच राहते, फुफ्फुसाच्या मांसात घुसत नाही. नुकसान होतं ते त्या ॲलर्जीने : श्वासनळ्या सुजतात, कफाचे घट्ट बूच बसतात, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर नळ्या कायमच्या फुगून सैल पडतात. २०२१ मध्ये कोविडनंतर जी 'काळी बुरशी' सगळ्यांनी ऐकली ती वेगळी बुरशी आणि पूर्ण वेगळा आजार, ती मांस खात जाते. त्या धसक्यातूनच असले मेसेज पसरतात असं माझं मत. एबीपीए घरात एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही.

आता आयजीई. रिपोर्टवर 'टोटल आयजीई' लिहिलेलं असतं ती सगळ्या ॲलर्जींची मिळून एक बेरीज असते. एक्झिमा, धुळीची ॲलर्जी, पोटातले जंत, नुसता ॲलर्जीवाला दमा, कशानेही ती वाढते. त्यामुळे टोटल आयजीई ८०० आलं एवढ्यावरून बुरशी ठरवणं शक्यच नाही. विचारायची टेस्ट दुसरी आहे, ॲस्परजिलस फ्युमिगेटसचं स्पेसिफिक आयजीई. हे ०.३५ किंवा त्याहून जास्त आलं तर शरीर या बुरशीला ओळखतंय असं समजायचं. त्याच्या खाली आलं तर या बुरशीचा एबीपीए जवळपास बाद, पुढचा खर्च वाचला. म्हणून दमा नीट पंप घेऊनही आटोक्यात येत नसेल तर मी आधी हीच टेस्ट सांगतो. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असंही नाही हां, नुसती बुरशीची ॲलर्जी असलेले दमेकरी भरपूर आहेत.

एबीपीए म्हणायला स्पेसिफिक आयजीई पॉझिटिव्ह हवं आणि सोबत टोटल आयजीई ५०० आययूच्या वर हवं (ही मर्यादा आधी १००० होती, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये ५०० केली, त्यामुळे जुने लेख वाचून गोंधळू नका). शिवाय तीनपैकी दोन गोष्टी लागतात : ॲस्परजिलसचं आयजीजी हे दुसरं प्रतिपिंड पॉझिटिव्ह, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ५०० किंवा जास्त, आणि सीटीवर किंवा एक्स-रेवर जुळणारे बदल. एक सूचना, रिपोर्टचं युनिट बघा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात आणि १ आययू म्हणजे २.४ नॅनोग्रॅम, त्यामुळे तिथला १२०० चा आकडा म्हणजे खरे ५०० च. आणि हे रक्त शक्यतो स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करायच्या आधी द्यायचं, कारण गोळ्यांनी इओसिनोफिल एक-दोन दिवसांत खाली येतात आणि आयजीईही हळूहळू उतरतं, मग रिपोर्ट अर्धवट बोलतो. सर्दीच्या ॲलर्जीची सेट्रिझिनसारखी गोळी चालू असेल तर चालतं, ती त्वचेवरच्या टेस्टला आड येते, रक्ताच्या टेस्टला नाही.

एक नमुना केस मांडतो, कुणा एका पेशंटची नाही, पण अशाच असतात. चौतीस वर्षांची बाई, वजन ५६ किलो, लहानपणापासून दमा, दोन वर्षांपासून पंपाने भागत नाही, मधूनमधून ताप, कफातून तपकिरी रबरासारखे तुकडे पडतात. एक्स-रेत डाग दिसला म्हणून कुठेतरी टीबीची औषधं सुरू झाली, बेडका तपासला तर टीबी निघालाच नव्हता. (हे आपल्याकडे फार होतं. डाग, ताप, खोकला, कधी कफात रक्त, सगळं टीबीसारखंच दिसतं.) शेवटी टेस्ट केल्या : स्पेसिफिक आयजीई १४, टोटल ६२००, इओसिनोफिल ११००. सीटीत मधल्या भागातल्या श्वासनळ्या फुगलेल्या आणि त्यात इतका घट्ट कफ की तो आजूबाजूच्या स्नायूंपेक्षाही पांढरा दिसतो. हा पांढरा कफ दिसला की रेडिओलॉजिस्टही थेट एबीपीए लिहितात.

मग उपचार, म्हणजे मेसेजचा सगळ्यात घातक भाग. स्टिरॉइडने बुरशी फोफावते हे कुठून आलं ते कळतं, कारण ज्यांची प्रतिकारशक्ती कोलमडलीय, ज्यांना खूप मोठे डोस दिले जातात त्यांच्यात बुरशी मांसात शिरू शकते, हे खरं आहे. पण एबीपीएमध्ये नळ्या बिघडवतेय ती शरीराची प्रतिक्रिया, आणि स्टिरॉइड तीच शमवतं. डोस किलोमागे अर्धा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे आपल्या ५६ किलोच्या बाईंना २८, व्यवहारात ३० मिलिग्रॅम रोज, दोन ते चार आठवडे, आणि मग टप्प्याटप्प्याने कमी करत साधारण चार महिन्यांत बंद. साखर वाढते, वजन वाढतं, चेहरा गोल होतो, झोप उडते, हे सगळं होतं आणि ते लपवायचं कारण नाही, म्हणूनच शुगर-बीपी बघत राहायचं आणि कोर्स संपवायचा, वर्षभर ओढायचा नाही. मधेच एकदम बंद करणं मात्र वाईट. काही आठवडे गोळ्या घेतल्या की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं कमी करतं, तेव्हा अचानक सोडल्यावर गळून जाणं, उलट्या, चक्कर, बीपी खाली, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पंप? पंपातलं स्टिरॉइड एबीपीएला पुरत नाही हे खरं, पण तो दम्यासाठी आहे. दमा गेला नाहीये, पंप बंद केला तर अटॅक येणार.

अँटिफंगलवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये १३१ पेशंटवर थेट तुलना झाली, निम्म्यांना प्रेडनिसोलोन आणि निम्म्यांना इट्राकोनाझोल. सहा आठवड्यांत स्टिरॉइडवाले सगळेच्या सगळे सुधारले, इट्राकोनाझोलवाले ८८ टक्के. साईड इफेक्ट इट्राकोनाझोलमध्ये कमी. म्हणजे ज्यांची शुगर आधीच बेभरवशाची आहे किंवा हाडं ठिसूळ झालीत त्यांच्यासाठी एकटं इट्राकोनाझोल हा चांगला पर्याय आहे, रोज २०० मिलिग्रॅम दोनदा, चार महिने. पण जी बाई धापा टाकत आलीय तिला मी स्टिरॉइडच देईन, कारण तिला आराम लवकर हवाय आणि शंभरातल्या त्या बारा जणांत ती असेल की नाही हे आधी सांगता येत नाही. दोन्ही एकत्र द्यावीत का यावरही तिथेच अभ्यास झालाय : वर्षभरात पुन्हा उसळी आली ती नुसत्या स्टिरॉइडवर ३३ टक्क्यांना आणि दोन्ही दिलेल्यांत सुमारे २१ टक्क्यांना, फरक आशादायक पण आकडेशास्त्राच्या कसोटीला जेमतेम न उतरलेला. म्हणून दोन्ही औषधं ज्यांना वारंवार उसळी येते त्यांच्यासाठी ठेवतात, सरसकट नाही.

आणि या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खायच्या नसतात, त्याची कारणं आहेत. इट्राकोनाझोलची कॅप्सूल पोटातल्या ॲसिडवर विरघळते, म्हणून भरल्या पोटी घ्यायची. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर पँटोप्राझोल घेणारे घरटी एक असतातच, त्यांच्यात कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही. लिव्हरवर ताण येतो, म्हणून सुरू करायच्या आधी आणि नंतरही टेस्ट हव्यात. हार्ट फेल्युअर असलेल्यांना हे देत नाहीत. यातली सगळ्यात छुपी गोष्ट पंपाची : इट्राकोनाझोल लिव्हरमधलं जे एन्झाइम अडवतं तेच पंपातलं ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकॅसोन मोडतं. त्यामुळे रोजचा साधा पंपही अंगात साठत जातो, चेहरा सुजतो, मांड्यांवर ओरखडे उमटतात आणि पेशंट म्हणतो मी तर स्टिरॉइडची एकही गोळी घेत नाही. बेक्लोमेथासोनचा पंप बदलून देता येतो, पण तुम्ही काय काय घेताय हे डॉक्टरला कळलं तर.

राहिलं आयजीई नॉर्मल आणायचं. ते बहुतेकांचं येतच नाही आणि यायची गरजही नाही. आठ आठवड्यांनी आयजीई किमान २० टक्के उतरलं आणि त्रास कमी झाला, एक्स-रे सुधारला, की औषध लागू पडलं असं मानतात. आपल्या बाईंचं ६२०० वरून ३९०० झालं, म्हणजे ३७ टक्के घट, उत्तम. पुढे उतरत उतरत २४०० वर येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. पुस्तकातल्या नॉर्मलपेक्षा कितीतरी जास्त, पण बाई जिने चढतायत, रात्री झोपतायत. हे २४०० म्हणजे त्यांचा स्वतःचा बेस, पुढची सगळी तुलना त्याच्याशी. पुढच्या वर्षी सर्दीनंतर २९०० आलं, घरचे घाबरले, पण ही वाढ २० टक्क्यांची, दम तसाच, एक्स-रे साफ, औषध काही दिलं नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात मात्र धाप वाढली, तपकिरी तुकडे परत दिसले आणि आयजीई ४१००, म्हणजे बेसच्या ७० टक्के वर. बेसपेक्षा ५० टक्के किंवा जास्त वाढ आणि सोबत त्रास किंवा एक्स-रेत नवा डाग, याला उसळी म्हणतात, तेव्हा कोर्स पुन्हा. नॉर्मल आकड्याच्या मागे लागला असता तर या बाई मधली दोन वर्षं विनाकारण गोळ्या खात बसल्या असत्या.

ज्यांना ओमालिझुमॅबचं, म्हणजे आयजीईलाच पकडून ठेवणारं, इंजेक्शन चालू आहे त्यांना हा हिशोब लागू नाही. त्या औषधाला चिकटलेलं आयजीई रक्तात रेंगाळतं आणि टोटलचा आकडा उलट वाढलेला दिसतो, म्हणून तिथे धाप, फुंकण्याची टेस्ट आणि एक्स-रे यांवरच चालावं लागतं.