नक्कल केलेले प्रतिज्ञापत्र

‘हे लेखन सर्वस्वी माझे असून ते कोठूनही उतरवलेले नाही,’ असे मी ज्या परिच्छेदात लिहून दिले होते, नेमका तोच परिच्छेद मी उतरवलेला आहे, असा निर्वाळा गेल्या शनिवारी आमच्या महाविद्यालयाच्या संगणकाने दिला. नोकरी सांभाळून, वयाच्या 46व्या वर्षी एम.कॉम.ला बसलेल्या माणसाच्या स्वाध्यायात 17 टक्के साम्य निघाले आणि मर्यादा होती 10 टक्क्यांची.

ग्रंथालयातील तपासणीच्या टेबलावर एक सहायक बसतात. त्यांनी अहवालाचे पहिले पान माझ्यासमोर सरकवले. प्रतिज्ञापत्र डोक्यापासून पायापर्यंत लाल होते. मध्ये केवळ माझे नाव आणि तारीख पांढरी राहिली होती, म्हणजे यंत्राच्या मते तेवढेच काय ते माझे अस्सल लेखन.

“अहो, हा मजकूर तुमच्याच कार्यालयाने दिलेला आहे,” मी म्हणालो. “वर्गातल्या सगळ्यांनी तोच टंकला आहे.”

“म्हणूनच जुळला ना, सर. तुमच्या आधी जमा झालेल्या स्वाध्यायांशी जुळला.”

“मग मी काय करायला हवे होते?”

“स्वतःच्या शब्दांत लिहायचे.”

“प्रतिज्ञापत्र?”

“हो. भावना तीच ठेवायची, शब्द बदलायचे.”

मी कार्यालयाची सूचना काढून दाखवली. तीत ‘मजकुरात कोणताही बदल केल्यास स्वाध्याय स्वीकारला जाणार नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “ते कार्यालयाचे झाले, सर. हे ग्रंथालय आहे.”

वास्तविक त्या यंत्राला चोरी कळत नाही, फक्त शब्दांची रांग कळते. आधी कोणी जमा केलेल्या फाइलीत तीच रांग सापडली की ते रंग भरते. ती रांग विद्वत्तेची आहे की विभागाच्या पत्त्याची, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. सर्वांत आधी जमा करणाऱ्या आमच्या वर्गमित्राला याच प्रतिज्ञापत्रासह 4 टक्के मिळाले, कारण त्या दिवशी जुळायला दुसरे कोणी नव्हतेच. पेढे मात्र त्याने अशा थाटात वाटले, की जणू मौलिकतेचे पारितोषिक मिळाले आहे.

घरी येऊन मी रागाच्या भरात लाल शब्द मोजले. फाइलीत एकूण 2,400 शब्द होते. मुखपृष्ठाचे 52, प्रतिज्ञापत्राचे 96, प्रत्येक उत्तराआधी आज्ञाधारकपणे उतरवलेल्या पाच प्रश्नांचे मिळून 130 आणि दहाही पानांच्या माथ्यावर आलेल्या नऊ शब्दांच्या शीर्षओळीचे 90, असे 368 शब्द जुळलेले होते. पीडीएफमध्ये ती ओळ प्रत्येक पानावर नव्याने मोजली गेली होती. पाठ्यपुस्तकातून घेतलेली एक व्याख्या 40 शब्दांची. अवघे 408, म्हणजे बरोबर 17 टक्के! माझ्या खऱ्या उत्तरांत उसनवारी होती ती त्या 40 शब्दांपुरती, आणि तिला मी अवतरणचिन्हे देऊन संदर्भही जोडला होता.

सोमवारी मी पुन्हा गेलो आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या विनियमांत सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगी साम्य धरायचे नाही, असे म्हटले असल्याचे सांगितले. सहायकांनी नाखुशीने ती चाळणी लावली. मुखपृष्ठाचे तुकडे आणि शीर्षओळी गळून गेल्या, परंतु प्रत्येकी 26 शब्दांचे प्रश्न आणि 96 शब्दांचे प्रतिज्ञापत्र जागचे हलले नाही. आकडा 11 टक्क्यांवर अडून बसला. विनियमांतील वगळण्याच्या यादीत संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश आहेत. प्रतिज्ञापत्राचे नाव नाही. म्हणजे आईवडिलांचे आभार उसने चालतात, पण प्रामाणिकपणाचे प्रतिज्ञापत्र नाही!

“मर्यादा 100 शब्दांची करा,” मी सुचवले.

“मग 90 शब्द चोरणारासुद्धा सुटेल,” ते म्हणाले. आणि दोन दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिलेच शहाणे वाक्य माझ्या विरोधात असावे, याचे मला फार वाईट वाटले.

अखेर उपाय निघाला तो साधा होता: तपासणीपुरती मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, प्रश्न आणि शीर्षओळी काढून नुसत्या उत्तरांची फाइल द्यायची. उरलेल्या सुमारे 2,000 शब्दांत जुळले ते 40, म्हणजे जेमतेम 2 टक्के. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. पण रंगीत पाने उघडून पाहण्याऐवजी कोपऱ्यातला आकडा वाचणे सोपे असते, आणि त्यापायी माझी अर्धी रजा गेली ती गेलीच.

“आता फक्त एक हमीपत्र,” सहायक म्हणाले आणि त्यांनी छापील नमुना पुढे केला. वगळलेल्या पानांत मी कोणाचेही लेखन वापरलेले नाही, असे त्यात होते.

“यावर सही करू?”

“नाही, सर. कोऱ्या कागदावर हाताने लिहून काढा. जसेच्या तसे.”