सहा टोकांची चांदणी म्हणजे शौर्यपदक?

“घरात आजोबांचं चांदणीच्या आकाराचं जुनं पदक असेल तर ते इंग्रजांनी दिलेलं शौर्यपदक आहे. मागे नाव कोरलेलं असेल तर नक्कीच खास, कारण साध्या पदकांवर नाव नसतं. कोणती लढाई ते रिबन सांगते.”

आधी टोकं मोजा. सहा असतील, धातू पितळेसारखा पिवळा असेल आणि मधल्या मुकुटाखाली जॉर्ज राजाची आद्याक्षरं गुंफलेली असतील, तर ते दुसऱ्या महायुद्धातलं मोहीमपदक. ठरावीक काळात ठरावीक आघाडीवर हजर असलेल्या सैनिकांना ते मिळालं. पराक्रमाची अट नव्हती. भारतीय सैनिकांसाठी शौर्याचा एक तारा होता खरा, ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’, पण त्याला आठ टोकं, आणि मधल्या निळ्या वर्तुळात एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी. व्हिक्टोरिया क्रॉस हा तारा नसून क्रूस आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत मिळाला तो हाच.

नावाचा मुद्दा मात्र उलटा आहे, आणि फसगत इथेच जास्त होते. ‘साध्या ताऱ्यावर नाव नसतं’ हे ब्रिटिश सैनिकांच्या ताऱ्यांबाबत खरं आहे. त्यांना ते कोऱ्या पाठीचे मिळाले. भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर मात्र सरकारनेच क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवून दिली. म्हणजे आपल्याकडे मागचं नाव हीच नेहमीची गोष्ट. त्याने पदक दुर्मीळ ठरत नाही, पण माणूस सापडतो, आणि मला विचाराल तर तेच मोलाचं. गोल पदक असेल तर पाठीवर शोधत बसू नका, कडेवर बघा. आणि कृपा करून चिंच-पितांबरी लावू नका; घासून घासून अक्षरंच बुजतात.

राहिली रिबन. ती कापडाची, कुजते, बदलली जाते. साताऱ्याकडच्या एका घरातला तारा मी पाहिला. रिबन गडद निळी, लाल, फिकट निळी अशी तीन सारख्या पट्ट्यांची, म्हणजे ‘१९३९-४५ स्टार’ची. घरच्यांनी तेच नाव धरलं होतं. पण राजाच्या अक्षरांभोवतीच्या कड्यावर भिंगातून वाचलं तर ‘बर्मा स्टार’! त्याची रिबन मध्ये रुंद लाल, दोन्हीकडे गडद निळी आणि प्रत्येक निळ्यात बारीक नारिंगी रेघ. हे सगळे तारे एकाच घडणीचे, फरक फक्त त्या कड्यावरच्या नावाचा. कपाटात दोन तारे होते; कधीतरी धुताना रिबनी काढल्या आणि परत लावताना अदलाबदल झाली. दुसरा तारा उलटून पाहिला, तर तोच क्रमांक, तेच नाव, खाली मराठा पलटण.