साखर विरघळते, मीठ टिकतं, बीड तर संपतच नाही

दोन महिन्यांपूर्वी रात्री अकराला मामेबहिणीचा फोन आला. "ताई, चेहरा जळतोय गं. काय लावू?" आधी काय लावलंस ते सांग, म्हटलं. तर बाईसाहेबांनी पायांना मिठाचा बॉडी स्क्रब लावला होता आणि हाताला थोडा उरला म्हणून तोच गालांवर फिरवला होता. "वाया कशाला घालवायचा?" हे तिचं स्पष्टीकरण. डबीवर बॉडी स्क्रब लिहिलेलं वाचलं होतं. पण चेहरा हाही शरीराचाच भाग की, असा तिचा हिशोब.

मी घरच्या घरी छोट्या प्रमाणात साबण आणि स्क्रब बनवते. त्यामुळे असे फोन मला अधूनमधून येतातच. आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न असतो: साखरेचा चांगला, मिठाचा की बीड्सवाला, म्हणजे बारीक गोल मण्यांचा? माझं मत विचाराल तर हा प्रश्नच थोडा चुकतो. दाणा कशाचा आहे यापेक्षा तो तुमच्या त्वचेवर किती वेळ दाणा म्हणून टिकतो, हे बघायला हवं. सांगते कसं ते.

खोलीच्या तापमानाला 100 मिली पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते. मीठ मात्र फक्त 36 ग्रॅम. आता हे अंघोळीच्या वेळच्या पायावर आणून बघा. ओल्या पायावर समजा 10 मिली पाणी आहे, म्हणजे दोन छोटे चमचे. त्यावर 20 ग्रॅम साखर चोळली, तर चोळता चोळता ती सगळी विरघळू शकते. तेवढंच मीठ घेतलं तर जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळेल आणि उरलेले सोळा-साडेसोळा ग्रॅम तसेच कोरडे, टोकदार फिरत राहतील. म्हणजे साखर स्वतःच थांबते. आधी तिच्या कडा बोथट होतात, मग दाणे बारीक होतात, मग नुसता चिकट पाक हाताला लागतो. तुम्ही कितीही उत्साहात असलात तरी ती तुमच्या हातून फार नुकसान होऊ देत नाही. मीठ असं काही करत नाही. नवं पाणी ओतून धुवेपर्यंत ते घासतच राहतं.

आणि झोंबण्याचं कारणही याच हिशोबात आहे. दाणे शिल्लक आहेत म्हणजे त्वचेवरचं पाणी मिठाने भरून गेलंय, जवळजवळ 26 टक्क्यांचं खारं पाणी झालंय. आपल्या शरीरातल्या द्रवाचा खारटपणा असतो 0.9 टक्के. त्वचा धड असेल तर काही कळत नाही. पण आदल्या दिवशी पाय शेव्ह केलेत, वॅक्सिंग झालंय, डासाचं चावलेलं खाजवलंय, टाचेला भेग आहे, तर हे पाणी तिथून आतलं पाणी ओढतं आणि तुम्ही बाथरूममध्ये नाचता. त्यामुळे शेव्हिंग-वॅक्सिंगनंतर निदान एक-दोन दिवस मिठाला हात लावू नये. साखरही तेव्हा थोडी झोंबते, पण ते सोसण्यासारखं असतं.

एक खोच आहे. साखर काय, मीठ काय, तेलात विरघळत नाही. बहुतेक घरगुती स्क्रब दोन वाट्या साखरेला एक वाटी तेल असे असतात. तो कोरड्या अंगाला लावून चोळलात, तर साखर थांबते वगैरे मी वर जे सांगितलं ते सगळं विसरा. तेलात बुडालेला दाणा शेवटपर्यंत टोकदार राहतो. म्हणून आधी अंग भिजवायचं, मग स्क्रब. आणि हो, तेलाने फरशी घसरडी होते. एकदा आपटले आहे, अनुभवाने सांगते.

आता बीड्स. पूर्वी फेसवॉशमध्ये रंगीत ठिपके दिसायचे, ते बहुतेक पॉलिइथिलीनचे, म्हणजे प्लॅस्टिकचे गोळे. सांडपाणी शुद्ध करूनही त्यातले काही नदी-समुद्रात जातात. म्हणून अमेरिकेत 2015 मध्ये कायदा झाला आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ते वापरणं 2018 च्या जुलैपर्यंत पूर्ण थांबलं. युरोपीय संघानेही 2023 मध्ये अशा प्लॅस्टिकवर बंधनं आणली. आता त्यांच्या जागी जोजोबा मेणाचे गोळे, सेल्युलोज किंवा सिलिका असते. आणि काही ठिकाणी अक्रोडाच्या टरफलाची पूड. ही शेवटची गोष्ट मी बीड्समध्ये धरतच नाही. बीड गोल असतो. टरफलाची पूड भिंगाखाली बघा, काचेचे तुकडे पडल्यासारखी दिसते, दोन दाणे एकसारखे नाहीत. वर ती विरघळत नाही ती नाहीच. "नैसर्गिक" लिहिलंय म्हणून सौम्य असेल असं समजू नका. प्युमिसची पूड तर अक्रोडापेक्षाही कडक.

गोल बीडचं मात्र गंमतशीर आहे. कडाच नसल्यामुळे तो त्वचेवर घरंगळतो. एका फेरीत तो फारच कमी काढतो, टाचेवर तर जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे माणसाला वाटतं की अजून हवं, अजून हवं, आणि तो पाच-पाच मिनिटं चोळत बसतो. बीड विरघळणार नाही, झोंबणारही नाही, म्हणजे थांबा म्हणून सांगणारं कुणीच नाही. त्यात बीड्स बहुतेक वेळा फेसाळ जेलमध्ये असतात. पाच मिनिटांचा तो फेस त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन नेतो. मग लोक म्हणतात, अगं एवढा सौम्य स्क्रब आणि तरी त्वचा ओढल्यासारखी कशी वाटते?

माझी वाटणी अशी आहे. हात, पोटऱ्या, पाठ यांना बारीक साखर. कोपर, गुडघे यांना बारीक मीठ, तेही कातडी धड असेल तर. जाड्या मिठाचे मिलिमीटरभर मोठे खडे डबीत दिसायला छान, पण अंगावर ओरखडे काढतात. मी ते वापरणं सोडलंय. टाचांना खरं तर कुठलाच स्क्रब पुरत नाही, तिथे भिजवून प्युमिस दगड आणि रात्री 20-25 टक्के युरियाचं क्रीम. आणि दंडावर बारीक पुरळ येऊन कातडी किसणीसारखी लागते ना, त्याला केराटोसिस पिलारिस म्हणतात, ते घासून जात नाही. केसांच्या मुळाशी केराटिनचे बूच बसलेले असतात. वरून घासलं की ते लाल होतात आणि जास्त दिसतात. तिथे लॅक्टिक ॲसिड किंवा युरियाचं लोशन रोज लावलं तर काही आठवड्यांत फरक पडतो.

हाच युरिया किंवा अंगासाठीचं 12 टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशन चेहऱ्याला मात्र चालत नाही. दाणे नाहीत म्हणून चेहऱ्याला चालेल, अशी समजूत बऱ्याच जणींची असते. वरचा मृत पेशींचा थर पापण्यांवर सर्वांत पातळ, गालांवर पातळ, हातापायांवर त्याहून जाड आणि तळव्यांवर कितीतरी पट जाड असतो. टाचेला जे जेमतेम पोचतं ते गालावर थेट जिवंत थरापर्यंत जातं. म्हणून मीठ, टरफल, प्युमिस, घासायचे खरबरीत हातमोजे, कोरडा ब्रश, जास्त टक्क्यांचा युरिया हे सगळं मानेच्या खालीच ठेवावं. साखरही मी चेहऱ्याला देत नाही, कारण विरघळायच्या आधीचे पहिले दहा सेकंद तिलाही टोकं असतातच. ओठांवर क्वचित चिमूटभर, तेवढंच. (साखरेत ग्लायकोलिक ॲसिड असतं म्हणून ती त्वचा उजळते, हे फिरणारं वाक्य चूक आहे. साखर म्हणजे सुक्रोज. ते ॲसिड नाही.) दाणेदारच हवं असा हट्ट असेल तर चेहऱ्याला मऊ मेणाचा बीड त्यातल्या त्यात बरा, तोही बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट. नाहीतर मऊ ओला रुमाल पुरतो. तेलकट त्वचेला 2 टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक ॲसिड, कोरडीला 5 टक्क्यांच्या आसपास लॅक्टिक, आणि दिवसा सनस्क्रीन. मुरमं पिकलेली असतील किंवा रेटिनॉल चालू असेल, तर दाण्यांचा विचारही नको.

बहिणीचं काय झालं ते राहिलंच. त्या रात्री तिला साध्या थंड पाण्याने बराच वेळ धुवायला सांगितलं आणि मग नुसती पेट्रोलियम जेली. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, टोनर, सगळं आठवडाभर कपाटात. चार दिवसांत लाली गेली. आता सगळं ठीक असं वाटलं तेवढ्यात, दोनेक आठवड्यांनी गालाच्या हाडांवर तपकिरी पट्टे दिसायला लागले. सावळ्या त्वचेत हे फार होतं. सूज उतरते पण तिथे रंग जास्त तयार होऊन बसतो आणि जायला महिने लागतात. आणि तिची पहिली प्रतिक्रिया काय? "ताई, हे हलक्या हाताने घासून काढू का?"

इथे मी खरंच चिडले. काळपटपणा घासून जातो ही कल्पना आपल्या डोक्यात घट्ट बसलेली आहे. रंग खालच्या थरात तयार होतो. वरचं घासून तुम्ही फार तर मरगळलेला थर काढता, कारखाना चालूच राहतो. उलट रोज नायलॉनच्या जाळीने खसाखसा घासणाऱ्यांच्या गळ्याच्या हाडांवर, नडगीवर, पाठीच्या वरच्या भागात राखाडी-तपकिरी डाग येतात. घर्षणानेच येतात. मग ती माणसं तो डाग मळ समजून आणखी घासतात.

जास्त झालंय हे ओळखायचं कसं? मी कुठलाही नवा स्क्रब आधी हाताच्या आतल्या बाजूला दोन बोटांनी वीस सेकंद फिरवते. गुलाबीपणा दहा मिनिटांत गेला तर ठीक. तासाभराने टिकून असेल तर तो माझ्यासाठी नाही. आणि रोजचं साधं मॉइश्चरायझर अचानक झोंबायला लागलं, किंवा त्वचा ताणल्यासारखी चमकू लागली, तर दोन आठवडे काहीच घासायचं नाही. अंगालाही आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरतं.

डबीबद्दल एक सांगून थांबते. तेलातल्या स्क्रबला पाणी लागत नाही तोवर बुरशीची भीती कमी असते. ओले हात आत घातले की ती सुरू होते आणि व्हिटॅमिन ई टाकून बुरशी थांबत नाही, ते फक्त तेल खवट होणं लांबवतं. कोरडा चमचा ठेवा. बहिणीच्या नव्या साखरेच्या डबीत मी चमचा बांधूनच दिलाय आणि झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय: "हनुवटीच्या खाली". परवा सांगत होती, नवऱ्याने वाचून विचारलं, हा पत्ता कुणाचा?