अकरा महिन्यांचाच करार का?

"अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही ना?"

हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. त्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मुदत बघतच नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि जबाबदारी घरमालकाची.

आमच्या रत्नागिरीत माझ्या भाचीचा करार नुसता नोटरीकडचा होता. भाडं ८,०००, डिपॉझिट ३०,०००. सोडताना मालक म्हणाले, डिपॉझिट दहाच हजार होतं! नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. खोटं ठरवायचं ओझं मालकावर. हे कलम दाखवल्यावर पैसे आले.

वाचवलं काय? पाव टक्का मुद्रांक, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास, आणि नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,०००.

भाडेकरूंनो, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर मात्र राहू नका. कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि भरपाई दुप्पट भाड्याने लागते.