काकूंना दिसलेलं झुरळ

बेकरीचा लोगो फोनवरच्या एवढ्याशा गोलात चालणार नाही, हे मी आठवडाभर घसा कोरडा करून सांगत होते. तेच काल संध्याकाळी पाव घ्यायला आलेल्या एका काकूंनी एका शब्दात सांगितलं. आणि शेठना ते पटलंही! माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

बेकरीचा लोगो म्हणजे अख्खी लग्नपत्रिका. मध्ये भट्टी, दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या, वर कमानीत 'श्री'पासून सुरू होणारं सोळा अक्षरी नाव, खाली 'शुद्ध शाकाहारी' आणि स्थापनेचं साल. पाटीवर झकास दिसतो. पण इन्स्टाग्रामच्या कमेंटशेजारचा गोल फोनवर जेमतेम ५ मिलिमीटरचा, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. त्यात एका अक्षराच्या वाट्याला धड अर्धा मिलिमीटरही येत नाही. 'श्री'ची गाठ भरून काळा ठिपका होतो, वेलांट्या शिरोरेषेत विरघळतात, आणि कोपऱ्यातलं साल गोलाबाहेर कापलं जातं.

शेठ म्हणाले, "वाचता येतंय की!" आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. अहो, मोठं करून वाचायचं तर लहान कशाला केलं? शिवाय जन्मभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ते नाव अंधारातही वाचता येईल. म्हणून परीक्षेला नवखा माणूस लागतो. फोन हातभर लांब धरायचा, दोन सेकंद दाखवायचा आणि विचारायचं, काय दिसलं?

तेवढ्यात काकू आल्या. कापडी पिशवी, चष्मा कपाळावर. मी फोन पुढे केला. काकू दचकून मागे सरकल्या.

"अगं बाई! झुरळ!"

"काकू, ती ओंबी आहे."

"मग तिला मिशा कशाला?"

"कुसं आहेत ती. गव्हाला असतात."

"आणि हे सहा पाय?"

मी बघितलं. तपकिरी भट्टीचं अंग, तिच्या दोन्हीकडे ओंब्यांचे बारीक फराटे. खरंच सहा होते. एकदा दिसल्यावर ते झुरळ जाईना. तोवर काकूंनी शेजारच्या गिऱ्हाइकाला बोलावलं होतं. "तुम्ही बघा हो, भट्टीत झुरळ आहे म्हणतायत." मी असं म्हटलंच नव्हतं! त्या गृहस्थांनी हातातली खारी हळूच परत ठेवली.

शेठनी घाम पुसला. "मॅडम, हे आधी सांगायचं ना!"

आता गोलात एकच जाड रेषेचा पाव आहे, क्रीम रंगावर गडद तपकिरी. नाव नाही, कारण ते गोलाशेजारी अक्षरांत येतंच. ओंब्या पाटीवर सुखात आहेत. हे मी पहिल्याच दिवशी काढून दिलं होतं, तेव्हा "यात काम काय केलंत?" असं ऐकलं होतं.

काकूंना सल्ल्याबद्दल अर्धा डझन पाव फुकट मिळाले. माझ्या बिलावर शेठ म्हणाले, "एवढ्याशा चित्राचे एवढे?"